समोर कुणीच नसलेली मुलाखत

"ताई, परवा माझा रेकॉर्डेड इंटरव्ह्यू आहे. समोर कुणीच नसतं, प्रश्न स्क्रीनवर येतो आणि घड्याळ सुरू होतं. सराव केला तर चेहरा काळा दिसतो आणि बोलणं अर्ध्यातच तुटतं. घर एका खोलीचं. कसं करू?"

तिने सरावाचा व्हिडिओ आणला होता. मी तो आधी आवाज बंद करून तिच्यासोबत पाहिला. ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. मागचा उजेड जास्त असला की मोबाइल तोच सांभाळायला जातो आणि चेहरा काळवंडतो. म्हणून तिला म्हटलं, खुर्ची फिरव आणि खिडकीकडे तोंड करून बस. मोबाइल मांडीवर होता म्हणून नजर खाली जात होती. दुसऱ्या दिवशी तिने टेबलावर स्टीलचे डबे रचले आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर आणला. तरी ती स्वतःच्या चित्राकडेच बघत होती, म्हणून कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी एक टिकली चिकटवायला सांगितली. बोलायचं ते त्या टिकलीशी.

मग आवाज लावला. खरी अडचण तिथे होती. तयारीला तीस सेकंद, उत्तराला नव्वद. प्रश्न होता, नाराज ग्राहकाला तुम्ही कसं हाताळलंत? पहिली चाळीस सेकंदं नाव, गाव आणि शिक्षण यांतच गेली. पुढे "मी नेहमी संयम ठेवते" म्हणेपर्यंत वेळ संपली आणि रेकॉर्डिंग आपोआप बंद झालं.

मी विचारलं, "मामांच्या दुकानात बसायचीस ना? तिथे कुणी भांडलं होतं का?" लगेच आठवलं. एका गिऱ्हाइकाला बिलात एक वस्तू दोनदा लागली होती. हिने सगळं बिल त्यांच्यासमोर पुन्हा जुळवलं, पैसे परत दिले, आणि तेव्हापासून बिल देण्याआधी मोठ्याने वाचायची सवय लावून घेतली. हेच उत्तर! चिठ्ठीवर चारच शब्द लिहिले: दोनदा, जुळवलं, परत, वाचून. पूर्ण उत्तर लिहून समोर ठेवलं तर डोळे ओळीवरून सरकताना स्पष्ट दिसतात, म्हणून ते टाळलं. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आणि सव्वा मिनिटात संपवायचं.

आवाजाचं सोपं होतं, कारण लिंक दोन दिवस खुली होती. शेजारची मुलं शाळेत जातात ती अकराची वेळ तिने निवडली. पंखा बंद, वायरचा इअरफोन, आणि त्याचा माइक ओढणीला घासणार नाही असा पिन लावून. मधेच फोन आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं, म्हणून मोबाइल फ्लाइट मोडवर आणि नेट शेजारच्यांच्या वायफायवर. तेही आदल्या दिवशी सरावाच्या प्रश्नावर तपासलेलं.

"आणि पुढे कधी लाइव्ह मुलाखतीत समोर माणसं असतील, आणि कुकरची शिट्टी झाली तर?" तिने विचारलं. म्हटलं, एकदा "माफ करा" म्हण, शिट्टी संपू दे आणि तुटलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून घे. घर लहान आहे हे सांगत बसू नकोस.

मुलाखत झाल्यावर तिचा मेसेज आला: "ताई, एक शिट्टी झालीच. पण बिलाचं सगळं सांगून झालं."