वनस्पती पेशी आणि प्राणी पेशीच्या आकृतीत कुठलं अंगक कुणाचं, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: मुलगा आठवीत आहे, मराठी मीडियम. पेशीच्या दोन आकृत्या देऊन नावं द्यायला सांगितली होती, त्याने तंतुकणिका दोन्हीकडे लिहिली तर क्लासमध्ये वनस्पतीतली खोडली. सेल वॉल आणि सेल मेम्ब्रेनमध्ये पण त्याचा सारखा घोळ होतो. कुठलं कुणाचं हे पाठ न करता समजून कसं घ्यायचं?

उत्तर:

मी ऐरोलीला राहते आणि आठवी ते दहावीला सायन्स शिकवते, त्यामुळे हा घोळ दरवर्षी बघते. पहिलं म्हणजे तुमच्या मुलाचं उत्तर बरोबर आहे. तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वनस्पती पेशीतही असतात आणि प्राणी पेशीतही असतात, तेव्हा ते खोडायला नको होतं. पुस्तक उघडून वनस्पती पेशीची आकृती सरांना दाखवा, त्यात ती काढलेली असेलच.

हा गैरसमज कुठून येतो तर मुलांच्या डोक्यात जोड्या बसलेल्या असतात, वनस्पतीला हरितलवक आणि प्राण्याला तंतुकणिका, जणू एकाच कामाची दोन वेगळी यंत्रं. कामं वेगळी आहेत हो. हरितलवक उजेडात साखर तयार करतं आणि तंतुकणिका ती साखर वापरून पेशीला लागणारी ऊर्जा काढते. झाडाला रात्रीही जगायचं असतं, आणि त्याची मुळं तर मातीत असतात, तिथल्या पेशीत हरितलवक नसतंच, मग तिथे ऊर्जा कोण देणार? मुलाला एवढा एकच प्रश्न विचारा, तो पुन्हा विसरणार नाही.

आता पाठ न करता कसं करायचं ते सांगते. बहुतेक मुलं दोन याद्या करतात, ही वनस्पतीची, ही प्राण्याची, आणि तिथेच फसतात कारण आतलं बरंचसं सामान दोघांचं सारखंच असतं. पेशीपटल, पेशीद्रव्य, केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी, रायबोझोम, हे सगळं दोन्हीकडे. हे एकदा बाजूला काढलं की खरा फरक तीन-चार गोष्टींतच उरतो: पेशीभित्तिका आहे का, लवकं आहेत का, रिक्तिका केवढी आहे आणि केंद्रकाजवळ सेंट्रिओलची जोडी आहे का. आकृती समोर आली की बाहेरून आत जायचं आणि हे चार प्रश्न विचारायचे, नावं त्यानंतर लिहायची.

चौकोनी म्हणजे वनस्पती आणि गोल म्हणजे प्राणी, ही खूण मात्र घरात कुणी शिकवली असेल तर काढून टाका. पानावरच्या पर्णरंध्राच्या रक्षक पेशी घेवड्याच्या दाण्यासारख्या वाकड्या असतात आणि त्या वनस्पतीच्या आहेत, उलट गालाच्या आतल्या पेशी चपट्या, कोपऱ्याकोपऱ्याच्या दिसतात. पेपर काढणारे कधी कधी मुद्दाम असं चित्र देतात.

सेल वॉल आणि सेल मेम्ब्रेनचा घोळ हा खरं तर रेषा मोजण्याचा घोळ आहे. भित्तिकेला जाडी असते म्हणून आकृतीत ती दोन रेषांनी काढतात, आणि तिच्या आत लागून तिसरी बारीक रेष असते ती पेशीपटल. मुलं काय करतात, बाहेरच्या रेषेला वॉल म्हणतात आणि लगेच आतल्या दुसऱ्या रेषेला मेम्ब्रेन, आणि तिसरी रेष बिननावाची राहते. म्हणून आधी पेन्सिलच्या टोकाने रेषा मोजायच्या. तीन असतील तर पहिल्या दोन मिळून भित्तिका, वॉलच्या बाणाचं टोक त्या दोघींच्या मधल्या जाडीत टेकलं पाहिजे आणि मेम्ब्रेनचं टोक तिसऱ्या रेषेवर. काही आकृत्यांत दोनच रेषा असतात, तिथे मग बाहेरची वॉल आणि आतली मेम्ब्रेन. प्राणी पेशीत बाहेरची सीमा म्हणजेच पेशीपटल, तिच्या बाहेर भित्तिका नाही. आणि वनस्पतीला भित्तिका आहे म्हणजे पेशीपटल नाही असं समजणारी मुलंही मी खूप पाहिली आहेत, ते मुद्दाम स्पष्ट करून सांगा, दोन्ही असतात.

नुसतं सांगून पटत नसेल तर हे डोळ्याने दाखवता येतं, आणि मला स्वतःला शिकवताना सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. आपल्याकडे सोसायटीच्या गार्डनमध्ये, रस्त्याच्या दुभाजकावर ते ऱ्हिओचं झाड असतं ना, लांब पानं, वरून हिरवी आणि खालून जांभळी, त्याचं एक पान घ्यायचं. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूची पातळ जांभळी साल सुटते, तिचा नखाएवढा तुकडा स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि शाळेच्या मायक्रोस्कोपमधून शंभर पट मोठं करून बघायचं. प्रत्येक पेशी जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेली दिसते, आणि वॉल व मेम्ब्रेन वेगळे ओळखताच येत नाहीत कारण मेम्ब्रेन आतून वॉलला चिकटलेलं असतं. मग अर्धी वाटी पाण्यात एक चमचा मीठ विरघळवायचं, कव्हरस्लिपच्या एका कडेला त्याचे दोन थेंब सोडायचे आणि दुसऱ्या कडेने टिश्यू पेपर लावून आधीचं पाणी ओढून घ्यायचं. थोड्या मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटायला लागतो, आकसत आकसत मधे गोळा होतो आणि रंग अजून गडद दिसतो, पण बाहेरची चौकट जागची हलत नाही. ती चौकट म्हणजे भित्तिका, आणि आकसलेल्या गोळ्याची कड म्हणजे पेशीपटल. मधल्या मोकळ्या जागेत काय आहे असं मुलं विचारतात, तर तिथे आपलंच मिठाचं पाणी आहे, कारण भित्तिकेतून ते आरामात आत जातं, पेशीपटल मात्र मिठाला सहज आत घेत नाही, फक्त पाणी बाहेर सोडतं. फार वेळ न घालवता पुन्हा साधं पाणी दिलं तर गोळा परत फुगतो. नाही फुगला तर पेशी मेली असं समजायचं, मीठ जास्त झालं किंवा वेळ जास्त गेला.

यात एक गोष्ट आयती कळते. तो जांभळा रंग असतो रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला, आणि सुरुवातीला पेशी काठोकाठ जांभळी दिसली म्हणजे रिक्तिका केवढी असेल बघा. वाढ पूर्ण झालेल्या वनस्पती पेशीत ती नव्वद टक्क्यांपर्यंत जागा व्यापू शकते, त्यामुळे पेशीद्रव्य नुसतं कडेला पातळ थरात उरतं आणि केंद्रकही कडेला ढकललं जातं. म्हणून वनस्पतीच्या आकृतीत मधे मोठा रिकामा भाग दिसला की मुलं त्याला पेशीद्रव्य लिहितात, ते चूक, ती रिक्तिका. पेशीद्रव्याचा बाण त्या भागाच्या बाहेर, जिथे बाकीची अंगकं काढलीत तिथे टेकवायचा. प्राणी पेशीत रिक्तिका असल्या तर लहान लहान असतात आणि केंद्रक साधारण मधे असतं. म्हणजे "रिक्तिका फक्त वनस्पतीत" हे वाक्य लिहू नये, "वनस्पतीत मोठी, प्राण्यात लहान किंवा नसते" असं लिहावं.

आता लवक आणि तंतुकणिका ओळखायचं. पेपर ब्लॅक अँड व्हाइट असतो, हिरवा रंग मदतीला येत नाही, त्यामुळे आतली नक्षी बघायची. दोन्ही लांबट गोल आणि दुहेरी कडेचे काढतात. आत नागमोडी घड्या असतील तर तंतुकणिका, आणि नाण्यांच्या चळतीसारखे छोटे ढीग असतील तर हरितलवक. सहसा हरितलवक आकाराने मोठंही काढतात, पण फक्त आकारावर जाऊ नका.

इथे कांद्याच्या सालीचा एक घोळ येतो. शाळेत वनस्पती पेशी म्हणून कांद्याचीच स्लाइड दाखवतात, आयोडीन घालून, आणि मग मुलं प्रॅक्टिकलच्या वहीत त्या चित्रात हरितलवकं काढून ठेवतात कारण पुस्तकातल्या आकृतीत ती आहेत. कांदा जमिनीत वाढतो, त्या पांढऱ्या पापुद्र्यात हरितलवक नसतं. वहीत जे दिसलं तेवढंच काढायचं: लांबट पेशी, भित्तिका आणि आयोडीनने पिवळट तपकिरी झालेलं केंद्रक. तंतुकणिका किंवा आंतर्द्रव्यजालिका त्या स्लाइडमध्ये दिसतच नाही, ती पुस्तकात आहे ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून कळलेल्या माहितीवरून. हरितलवक खरोखर बघायचं असेल तर फिश टँकच्या दुकानातून हायड्रिलाची एक काडी आणा, तिचं कोवळं पान काहीही न लावता पाण्यात ठेवलं की हिरवे ठिपके स्पष्ट दिसतात, आणि बऱ्याचदा ते पेशीच्या कडेकडेने सरकताना पण दिसतात.

सेंट्रिओल हा प्राण्याच्या बाजूचा प्रश्न. केंद्रकाजवळ दोन आखूड नळकांडी एकमेकांना काटकोनात काढलेली असतात, ती दिसली की शाळेच्या आकृतीत प्राणी पेशी समजायची. फुलझाडांत ती नसतात, तरी त्यांच्या पेशी व्यवस्थित विभागतात. शेवाळासारखी दिसणारी मॉस आणि नेचे यांच्या पोहणाऱ्या नरपेशी तयार होताना मात्र ती दिसतात, पण आठवीला एवढं लागत नाही.

राहिली लयकारिका. हिच्याबद्दल पुस्तकापुस्तकात फरक आहे, बरीच पुस्तकं ती फक्त प्राण्याच्या आकृतीत दाखवतात, कारण वनस्पतीत पचवण्या-मोडण्याचं तसं काम बऱ्याच प्रमाणात रिक्तिकाच करते. मुलाने परीक्षेत त्याच्या पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे लिहावं, आणि फरक विचारला असेल तर लयकारिका हा पहिला मुद्दा करू नये, भित्तिका, लवक, रिक्तिका आणि सेंट्रिओल हे चार आधी लिहावेत.

बाण काढताना पट्टी वापरा, रेषा एकमेकींना छेदू देऊ नका, टोक नेमकं त्या अंगकाला टेकू दे. तपासताना आम्ही नावाआधी टोक कुठे टेकलंय तेच बघतो, बाण हवेत थांबला असेल तर नाव बरोबर असूनही मार्क देता येत नाही.