मराठीत बोला, इंग्रजी खाली लिहा

प्रश्न: मी इंदूरची. घरच्या मराठी पदार्थांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकते. बघणारे इथले, पुण्याचे आणि थोडे अमेरिकेतलेही आहेत. मराठीत बोलू, इंग्रजीत, की दोन्ही मिसळून?

बोलणं मराठीतच ठेवा, आणि तेही आपलं इंदुरी मराठी, हिंदी शब्दांसकट. पुण्याच्या वळणाने बोलायचा प्रयत्न नको, तो लगेच ऐकू येतो.

अमेरिकेत वाढलेल्या बऱ्याच मुलांना आजीचं मराठी ऐकून समजतं, पण देवनागरी वाचता येत नाही. आपल्याकडे शाळेत हिंदी असल्याने वाचायला कोणी अडत नाही. म्हणून इंग्रजीची गरज लिहिलेल्या मजकुरात आहे, बोलण्यात नाही.

समजा, इंदुरी पोह्यांचा व्हिडिओ आहे. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओची भाषा मराठी निवडा. मग स्टुडिओतच त्या व्हिडिओला इंग्रजी भाषा जोडून शीर्षक आणि वर्णनाचा अनुवाद भरा. कोणाला कुठलं शीर्षक दिसेल, हे मुख्यतः त्याच्या भाषेच्या सेटिंगवर ठरतं. इथे एक मेख आहे: इंदुरातही कितीतरी जणांचा फोन इंग्रजीत असतो, त्यामुळे इंग्रजी शीर्षक त्यांच्याही समोर येतं. तिथे 'Flattened Rice Breakfast' लिहिलंत तर आपलीच माणसं पुढे निघून जातील. 'Indori Poha with Homemade Jeeravan' लिहा. थंबनेलवर मजकूर टाकूच नका, वाफाळत्या पोह्यांचा जवळून घेतलेला फोटो पुरे.

इंग्रजी सबटायटल्स स्वतः लिहा आणि त्यात शब्दशः अनुवाद करू नका. तुम्ही म्हणाल, "जाडे पोहे चाळणीत धुवून निथळत ठेवा." खाली एवढंच यावं: 'Rinse thick poha, drain well.' जिरावण मसाला तिकडच्या दुकानात मिळेलच असं नाही. म्हणून जिरं, धणे, बडीशेप, काळं मीठ, आमचूर अशी तुमच्या घरची यादी इंग्रजी नावांनी आणि ग्रॅममध्ये वर्णनात द्या.

मिसळून बोलण्याबद्दल: कुकर, गॅस, मिक्सर हे शब्द आपलेच झालेत, ते बिनधास्त वापरा. पण प्रत्येक वाक्य मराठीत सांगून पुन्हा इंग्रजीत सांगणं मला अजिबात पटत नाही. सहा मिनिटांचा व्हिडिओ दहावर जातो आणि इकडच्या-तिकडच्या दोन्ही प्रेक्षकांना अर्धा वेळ ताटकळावं लागतं. ॲनालिटिक्समध्ये प्रेक्षक टिकण्याचा आलेख बघा. इंग्रजी सुरू होते तिथे दर वेळी रेघ खाली येत असेल, तर लोक तेवढा भाग ओलांडून पुढे जातायत किंवा व्हिडिओच सोडून जातायत.

देशांनुसार सरासरी किती वेळ बघितलं जातं, हेही तिथेच दिसतं. अमेरिकेतून मोजकेच व्ह्यूज असतील तर एका व्हिडिओवरून काही ठरवू नका, दहा-बारा व्हिडिओंचं एकत्र बघा. सबटायटल्स देऊनही तिकडचे लोक पहिल्याच मिनिटात जात असतील आणि कॉमेंट करणारे बहुतेक अमराठी असतील, तर त्यांच्यासाठी तोच पदार्थ इंग्रजीत वेगळा, छोटा करून टाका. मराठी व्हिडिओला हात लावू नका.