पेमेंट PENDING असताना पुढची पायरी फसल्यास
प्रश्न: पेमेंट PENDING असतानाच स्टॉक राखून ठेवण्याची पायरी फसली, तर लगेच रिफंड पाठवावा का?

उत्तर: नाही. PENDING म्हणजे पेमेंट फसले असे नव्हे, तर पेमेंट गेटवेचे अंतिम उत्तर अजून आलेले नाही. अशा वेळी मागितलेला रिफंड नाकारला जाऊ शकतो आणि पैसे मात्र नंतर ग्राहकाच्या खात्यातून वळते होऊ शकतात. म्हणून ऑर्डर CANCEL_REQUESTED अशी नोंदवून त्याच पेमेंट-क्रमांकाने गेटवेकडे स्थिती विचारत राहावे. रक्कम केवळ रोखून धरलेली असल्यास ती मोकळी करावी, वळती झालेली असल्यासच रिफंड द्यावा. रक्कम मोकळी करण्याची किंवा रिफंडची ही भरपाईची पायरीसुद्धा अर्ध्यावर तुटू शकते (हे बहुतेक जण विसरतात), त्यामुळे ऑर्डर-क्रमांकावरून ठरणारी एकच आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच विनंती पुन्हा आल्याचे गेटवेला ओळखू देणारी खूण, प्रत्येक प्रयत्नात पाठवावी; त्यामुळे दुसरा रिफंड जाणार नाही.