मायटोकॉन्ड्रियातल्या सुट्या शेवया

प्रश्न: अकरावी सायन्सला आहे. "मायटोकॉन्ड्रियाची रचना व कार्य नामनिर्देशित आकृतीसह स्पष्ट करा" हा चार मार्कांचा प्रश्न हमखास येतो. सगळं लिहूनही मला अडीचच मिळतात. पूर्ण मार्कांसाठी नेमकं काय लिहायचं आणि किती पानं?

उत्तर:

अडीच हा आकडा वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. अकरावीच्या सहामाहीत याच प्रश्नाला मलाही चारपैकी अडीचच मिळाले होते. आज मी स्वतः अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, तरी ते दीड मार्क डोक्यातून गेलेले नाहीत. त्यातला एक जायलाच हवा होता. अर्ध्याबद्दल माझं भांडण अजून चालू आहे, त्याचं पुढे सांगते.

माझी चित्रकला चांगली होती. इंटरमिजिएटला ए ग्रेड, त्यामुळे जर्नलच्या आकृत्या काढून घ्यायला निम्मा वर्ग माझ्याकडे यायचा. सहामाहीत हा प्रश्न दिसल्यावर मी मनातल्या मनात हसले. कापलेल्या काकडीसारखा तिरका छेद दाखवला, एका बाजूने सावली दिली, आतल्या घड्यांना बोटाने शिसं पसरून उठाव आणला. एवढ्यात वीस मिनिटं गेली. सत्तर मार्कांचा पेपर तीन तासांत म्हणजे एका मार्काला अडीच मिनिटं. चार मार्कांच्या प्रश्नाला दहा मिनिटं मिळायची, ती मी दुप्पट करून खर्चली आणि शेवटचा तीन मार्कांचा प्रश्न सोडून आले.

पेपर हातात आला तर आकृतीवर लाल शाईत भोपळा. शेजारच्या मैत्रिणीची आकृती भाजलेल्या वांग्यासारखी होती, तिला पूर्ण मार्क! मी तणतणत सरांकडे गेले. त्यांनी आकृतीवर पेन टेकवलं आणि विचारलं, "काय गं, ह्या शेवया कुठं चिकटल्यात?"

मी म्हटलं, सर, त्या क्रिस्टी आहेत. ते म्हणाले, "ते कळलं. पण आतल्या पटलाला कुठं जोडल्यात ते दाखव." दाखवता येईना, कारण त्या कुठेच जोडलेल्या नव्हत्या. दोन गोल, एकात एक, आणि मधे मोकळ्या तरंगणाऱ्या नागमोडी पट्ट्या. "सुट्या पिशव्या काढायच्या असतील तर क्लोरोप्लास्ट काढ, तिथं थायलॅकॉइड आतल्या पटलापासून सुटे असतात. हे तू दोन्हीचं मिश्रण केलंयस," असं म्हणून त्यांनी पेपर परत दिला. वर्गासमोर. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हा वाटलं, एवढ्याशा रेघेसाठी पूर्ण मार्क? आता दर वर्षी गठ्ठे तपासताना मी तोच मार्क कापते, कारण ती रेघ म्हणजेच उत्तर आहे. क्रिस्टी हा वेगळा अवयव नाही. आतलं पटलच आत वळून घड्या घालतं, त्या घड्यांना आपण क्रिस्टी म्हणतो. आकृतीत ते जोडलेपण दिसलं नाही, तर खाली "आंतरपटलाच्या घड्या" असं कितीही सुंदर अक्षरात लिहा, तपासणाऱ्याला कळतं की वाक्य पाठ आहे.

म्हणून आकृती अशी काढा. आधी साधारण आठ सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद असा लांबट गोल, एकाच रेघेचा. हे बाह्यपटल. मग त्याच्या आत तीन-चार मिलिमीटर जागा सोडून दुसरी रेघ सुरू करा आणि पेन्सिल न उचलता फिरत जा. वरून एक बोट आत, परत कडेला, थोडं पुढे जाऊन पुन्हा बोट आत, टोकाला वळून खालच्या बाजूनेही तसंच, आणि जिथून निघालात तिथे येऊन मिळा. बोटं समोरच्या भिंतीला टेकू देऊ नका. मधली जागा मोकळी ठेवलीत तर नावं देताना हाल होत नाहीत.

झाल्यावर पेन्सिलचं टोक दोन पटलांमधल्या पोकळीत ठेवा आणि एकही रेघ न ओलांडता प्रत्येक बोटाच्या पोटात जाऊन या. जाता आलं तर आकृती बरोबर, कुठे अडलात तर तिथे शेवई सुटी आहे. मग टोक मॅट्रिक्समध्ये ठेवा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. तिथेही अडायला नको. मी मुलांना पेपर संपल्यावर बाकी काही तपासू नका, हे एवढं तपासा म्हणते.

आता एफ वन कण. टाचणीच्या डोक्यासारखे हे कण आतल्या पटलावर असतात आणि त्यांची डोकी मॅट्रिक्सच्या बाजूला असतात. निम्मी मुलं ती बोटाच्या पोटात, म्हणजे पोकळीच्या बाजूला काढतात. ज्याने क्रिस्टी एकेरी रेघेने दाखवली त्याला तर बाजू असा प्रकारच उरत नाही. सगळीकडे ठिपके भरत बसू नका, दोन-तीन बोटांवर चार-चार काढले तरी पुरे. मॅट्रिक्समध्ये डीएनएचं एक छोटं कडं आणि रायबोसोमचे थोडे ठिपके.

नावं सात: बाह्यपटल, आंतरपटल, पटलांमधली पोकळी, क्रिस्टी, मॅट्रिक्स, एफ वन कण, डीएनए. रायबोसोमला दिलंत तर आठ. रेघा पट्टीने, बाणाचं टोक न काढता, एकमेकींना न छेदता, सगळी नावं उजवीकडे एकाखाली एक. मॅट्रिक्सची रेघ क्रिस्टीच्या पोटात थांबली आणि क्रिस्टीची मॅट्रिक्समध्ये, हा रोजचा घोळ आहे. त्यात दोन नावं जातात आणि आकृती समजलेली नाही हेही उघडं पडतं. मघाशी तीन-चार मिलिमीटर जागा सोडायला सांगितली ती याचसाठी. फट मिलिमीटरभर ठेवलीत तर पोकळीची रेघ नक्की पोकळीवर आहे की पटलावर, हे आम्ही भिंग घेऊन बघत बसत नाही.

आता लेखन. तुम्ही "सगळं लिहिते" म्हणता, त्यात रचना एका परिच्छेदात आणि कार्य खाली सुटं, असं असणार याची मला जवळपास खात्री आहे. कार्याखाली पहिलं वाक्य: पेशीचं ऊर्जाकेंद्र. त्या वाक्याला मी काहीच देत नाही, ते आठवीतल्या मुलालाही येतं. ऊर्जा कुठे आणि कशी मिळते ते लिहा, आणि रचनेच्या प्रत्येक भागाला त्याचं काम तिथेच जोडा. माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलेलं मी वर्गात वाचून दाखवते, ते साधारण असं:

"बाह्यपटल सलग व गुळगुळीत असून त्यातील पोरीन प्रथिनांमुळे लहान रेणू सहज ये-जा करतात. आंतरपटल निवडक पारगम्य असून त्याच्या घड्यांना क्रिस्टी म्हणतात. त्यांमुळे पृष्ठफळ वाढते व इलेक्ट्रॉन वहनाच्या घटकांना जास्त जागा मिळते. मॅट्रिक्समध्ये क्रेब्ज चक्राची बहुतेक विकरे, वर्तुळाकार डीएनए व 70 एस रायबोसोम असतात, म्हणून मायटोकॉन्ड्रिया स्वतःची काही प्रथिने स्वतः बनवते. इलेक्ट्रॉन वहनाच्या वेळी प्रोटॉन मॅट्रिक्समधून पोकळीत ढकलले जातात. ते एफ झिरोच्या मार्गाने परत येताना एफ वन कणात एटीपी तयार होते."

एवढंच. शेवटची दोन वाक्यं आकृतीकडे बघत लिहिता येतात, कारण पोकळी, एफ वनची बाजू आणि मॅट्रिक्स तुम्ही आधीच काढलेलं असतं. म्हणून आकृती आधी काढायची. बाजू चुकली की प्रोटॉनचा प्रवासही उलटा लिहिला जातो, हे मी दर वर्षी पाहते. आणि "ग्लुकोजचं विघटन मायटोकॉन्ड्रियात होतं" असं सरसकट ठोकू नका. ग्लायकोलिसिस बाहेर पेशीद्रव्यात होतं, आत येतं ते पायरुवेट.

पानांचं म्हणाल तर आकृतीसकट पाऊण-एक पान. गाईडमधल्यासारखी अठरा मुद्द्यांची यादी करणाऱ्याला मी जास्त मार्क दिल्याचं मला आठवत नाही. रंगीत पेन्सिली घरी ठेवा, एचबी पुरते. सावली तर नकोच. मी त्यात वीस मिनिटं घालवली आणि वर तिच्यामुळे आतली रेघ कुठे संपते हेच दिसत नव्हतं.

आता उरलेला अर्धा मार्क. मी तेव्हा मॅट्रिक्समध्ये 70 एस रायबोसोम असतात असं लिहिलं होतं. सरांनी ते खोडून वर 80 एस केलं, कारण दृश्यकेंद्रकी पेशीत 80 एस असतात. असतात ना, पण पेशीद्रव्यात! मायटोकॉन्ड्रियाचे वेगळे, जीवाणूंच्या जातीचे, हे पुस्तकातच होतं. पण आकृतीवरून झालेल्या फजितीनंतर पुस्तक घेऊन पुन्हा त्यांच्या टेबलापाशी जायची माझी हिंमत झाली नाही. तुमच्या बाबतीत असं झालं तर त्याच दिवशी पुस्तकाचं पान दाखवा. चांगल्या शिक्षकाला त्याचा राग येत नाही. येणारेही भेटतील म्हणा.

थोडं राहिलं. सस्तन प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातले रायबोसोम मोजले तर 55 एस भरतात, पण परीक्षेत पुस्तकाप्रमाणे 70 एसच लिहा. क्रिस्टीचं तोंडही प्रत्यक्षात आपण काढतो तेवढं रुंद नसतं, बारीक मानेसारखं असतं. अकरावीच्या आकृतीत ते दाखवायच्या नादी लागू नका, मान मिटून गेली तर पुन्हा सुटी शेवईच. मार्कांची विभागणीही कॉलेजागणिक थोडी बदलते. आमच्याकडे आकृती आणि नावांना मिळून एक ते दीड धरतात, तुमच्या बाईंना विचारून घ्या.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात सर भेटले. आता निवृत्त आहेत. जेवणाच्या पंगतीतच मी त्या 70 एसचं काढलं. त्यांना पेपर आठवत नव्हता, पण जिलेबी बाजूला ठेवून त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "मग तुझं बरोबर होतं. तीन झाले." मी खूश होऊन उठणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि आकृतीचा का गेला होता?"

मी सांगितलं. त्यांनी ताटातली मठ्ठ्याची वाटी उचलली आणि म्हणाले, "मग तीनच."