काळ्या रानात सेन्सर खोटं कोरडं दाखवतो तेव्हा

प्रश्न: मोसंबीला ठिबक आहे. ईएसपी32 आणि कपॅसिटिव्ह सेन्सर लावलाय. रान ओलं असतानाही सेन्सर कोरडं दाखवतो नि मोटर चालूच राहते. किती मिनिटं पाणी द्यायचं हे त्याचं त्यानंच शिकावं, असं करता येईल का?

उत्तर: दादा, आधी सेन्सरशेजारी खुरप्यानं उकरून बघा. आपली काळी माती वाळताना आक्रसते आणि पात्याला सोडून देते. मग सेन्सर मातीऐवजी भेगेतली हवा मोजतो. अंबडजवळच्या माझ्या बागेत नेमकं हेच झालं होतं. ओळखायची खूण सोपी आहे: रान वाळतं तसा आकडा दिवसादिवसानं चढतो, पण भेग पडली की दोन-तीन तासांतच शेकड्यांनी उडी मारतो. अशी उडी दिसली तर मोटर सुरू न करता मेसेज पाठवायचा, हा नियम प्रोग्रॅममध्ये आधी घाला.

सेन्सर ड्रीपरपासून वीतभर लांब, 20 ते 25 सेंमी खोल बसवा. त्याच खड्ड्यातली माती चाळून चिखल करा आणि पात्याभोवती दाबून भरा. वरच्या सर्किटला आणि पात्याच्या कडांना इपॉक्सी लावा, नाहीतर पाणी आत शिरतं. वायर `GPIO34` ला जोडा. एडीसी2 च्या पिना वायफाय चालू असताना भरवशाच्या नाहीत.

हवेतला आणि ग्लासातल्या पाण्यातला आकडा घेऊन टक्केवारी काढायच्या भानगडीत पडू नका. पाणी दिल्यावर रान वाफशावर आलं, हे तुमच्या हाताला कळतं. त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा, तेच `target`. या सेन्सरचा आकडा ओलाव्यानं उतरतो, हे लक्षात असू द्या.

आता शिकण्याचं. एका मिनिटाच्या पाण्यानं आकडा किती उतरतो, एवढंच शिकवायचं:

```
minutes = (reading - target) / gain;
gain = 0.8*gain + 0.2*drop/flowMinutes;
```

समजा `target` 1900, आजचा आकडा 2350 आणि `gain` 5 आहे. म्हणजे 90 मिनिटं पाणी. सहा तासांनी आकडा 1990 आला, तर उतार 360, म्हणजे मिनिटाला 4. नवीन `gain` 4.8, एवढाच फरक पुढच्या वेळी असेल तर 94 मिनिटं. सहा तास थांबायचं कारण, काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं. मोटर बंद होताच मोजलं तर चुकीचं शिकेल.

सगळ्यात मोठा घोटाळा लाइटचा. रिले चालू, पण लाइट गेलेली. प्रोग्रॅमला वाटतं 90 मिनिटं पाणी दिलं नि आकडा हलला नाही. `gain` घसरतो आणि पुढच्या खेपेला तेवढ्याच फरकाला सव्वापट पाणी जातं. म्हणून पाइपवर फ्लो सेन्सर लावा, पाणी खरोखर वाहिलं तेवढीच मिनिटं `flowMinutes` मध्ये मोजा. ती 30 पेक्षा कमी भरली किंवा मध्ये पाऊस झाला, तर त्या खेपेचं शिकणं सोडून द्या. आणि `minutes` वर 120 ची मर्यादा ठेवाच, सेन्सर काहीही सांगो. चिबडलेल्या रानात मोसंबीची मुळं कुजायला लागतात.