मांजराने डोळा मिटून धरला असेल तर सोमवारची वाट का पाहू नये

प्रश्न: माझं दीड वर्षाचं मांजर कालपासून एक डोळा अर्धवट मिटून बसतं. डोळ्यातून पाणी येतंय आणि सकाळी पिवळसर चिपडं होती. खातंय-पितंय नीट. मागच्या महिन्यात माझे डोळे आले होते तेव्हाचे ड्रॉप्स घरात आहेत. तेच घालून सोमवारी डॉक्टरांकडे नेलं तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. ते ड्रॉप्स घालू नका आणि शक्य असेल तर आजच मांजराला पशुवैद्याकडे न्या. मी लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या डोळ्यांच्या रुग्णांपैकी ज्यांचे सर्वाधिक नुकसान झालेले असते, त्यांच्या बाबतीत बहुधा हेच दोन प्रकार घडलेले असतात: दोन-तीन दिवस वाट पाहिलेली असते आणि दरम्यान माणसांसाठीचे औषध घातलेले असते.

मांजराचे डोळे येतात तेव्हा पापण्यांच्या आतले गुलाबी अस्तर लाल होते, सुजते आणि स्राव वाहू लागतो. हा त्रास बहुतेक वेळा विषाणूमुळे किंवा क्लॅमिडियासारख्या जिवाणूमुळे होतो, अनेकदा एका डोळ्यात सुरू होऊन काही दिवसांनी दुसऱ्यातही जातो आणि विषाणूमुळे असेल तर सोबत शिंकाही असतात. डोळ्याचा पारदर्शक पृष्ठभाग, म्हणजे कॉर्निया, त्यात शाबूत असेल तर दृष्टीला सहसा धोका नसतो. कॉर्नियावर व्रण झाला असेल तरीही पाणी, चिपडे आणि लाली हीच लक्षणे दिसतात. फरक मुख्यतः वेदनेत असतो. मांजर डोळा मिटून धरते, उजेडापासून तोंड फिरवते, पंजाने डोळा चोळू पाहते, आणि नाकाच्या बाजूने तिसरी पापणी पांढुरक्या पडद्यासारखी वर सरकलेली दिसते. तुम्ही वर्णन केलेल्या लक्षणांपैकी मला सर्वात जास्त खटकते ते चिपडे नव्हे, तर एकाच बाजूचा अर्धवट मिटलेला डोळा. मांजर व्यवस्थित खाते आहे यावरून डोळ्याविषयी काहीही निष्कर्ष काढता येत नाही, कारण वेदना लपवण्यात हा प्राणी फार तरबेज असतो.

घरी एक गोष्ट पाहता येते. मांजराला खिडकीसमोर किंवा ट्यूबलाइटखाली बसवा आणि डोळ्यात पडलेले उजेडाचे प्रतिबिंब पाहा. निरोगी कॉर्नियावर त्या प्रतिबिंबाच्या कडा सरळ आणि स्पष्ट असतात. ते एखाद्या ठिकाणी तुटलेले, खडबडीत किंवा अंधुक दिसत असेल, किंवा डोळ्यावर निळसर धुके आल्यासारखे वाटत असेल, तर कॉर्नियाला इजा झाली आहे असे धरून चालावे. मात्र प्रतिबिंब चांगले दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण लहान व्रण रंग टाकल्याशिवाय आम्हालाही दिसत नाही. पापण्या बोटांनी ताणून पाहण्याचा प्रयत्न तर करूच नये. व्रण खोल असेल तर तेवढ्या दाबानेही डोळा फुटू शकतो.

तो रंग म्हणजे फ्लोरेसीन. नारिंगी टोकाची कागदाची पट्टी सलाइनने ओली करून डोळ्याला अलगद टेकवतात, डोळा धुतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात. कॉर्नियाचा सर्वात वरचा पातळ थर या रंगाला आत शिरू देत नाही, पण त्याखालचा जाड थर उघडा पडला असेल तर तो रंग शोषून घेतो आणि तेवढा भाग हिरवा चमकतो. सगळा प्रकार एक-दोन मिनिटांचा आहे आणि मांजराला त्याचा त्रास होत नाही. दुखऱ्या डोळ्यासाठी ही तपासणी न करता औषध लिहून दिले जात असेल, तर फ्लोरेसीन टाकून पाहण्याची विनंती तुम्ही आवर्जून करा. तालुक्याच्या ठिकाणी प्रामुख्याने गाई-म्हशींवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात या पट्ट्या नसल्या, तर माणसांच्या नेत्ररुग्णालयाजवळच्या औषधांच्या दुकानात त्या मिळू शकतात, कारण माणसांसाठीही त्याच वापरतात.

आता तुमच्या ड्रॉप्सविषयी. बाटलीवरील बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादे नाव आहे का, ते पाहा. ही स्टिरॉइड्स आहेत आणि डोळ्यांच्या अनेक औषधांत ती प्रतिजैविकासोबत एकत्र केलेली असतात. व्रण असलेल्या डोळ्यात स्टिरॉइड गेले की जखम भरणे मंदावते, स्थानिक प्रतिकार दडपला जातो, आणि कॉर्नियाचे प्रथिन विरघळवणाऱ्या विकरांचा जोर वाढतो. त्यात फसवी गोष्ट अशी, की लाली मात्र झपाट्याने कमी होते, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटते. नुसत्या प्रतिजैविकाचे ड्रॉप्स असते तर धोका कमी होता, पण उघडून आठवडे झालेली बाटली तेवढ्यासाठीही वापरू नये.

अशाच प्रसंगातला एक बोका माझ्याकडे आला होता. वय सुमारे चार वर्षे, बाहेर फिरणारा. संध्याकाळी भिंतीवर दुसऱ्या बोक्याशी झुंज झाली आणि रात्री उजवा डोळा मिटलेला दिसला. घरच्यांनी दुसऱ्या दिवसापासून स्टिरॉइड असलेले ड्रॉप्स सुरू केले. पुढच्या सकाळी लाली ओसरली होती आणि डोळा थोडा अधिक उघडा होता, म्हणून त्यांनी तेच औषध चालू ठेवले. त्यानंतरच्या दिवशी डोळ्याच्या मध्यभागी करड्या-पांढऱ्या रंगाचा, जेलीसारखा मऊ फुगवटा आला आणि ते धावत आले. नखाच्या ओरखड्यातून शिरलेल्या जिवाणूंनी आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पेशींच्या विकरांनी मिळून कॉर्निया अक्षरशः वितळवायला घेतला होता. मांजराचा कॉर्निया जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड असतो. वितळायला लागला की एक-दोन दिवसांतच आरपार छिद्र पडू शकते.

फ्लोरेसीन टाकल्यावर कडेचे वलय हिरवे झाले, पण मधला लहानसा भाग काळपट आणि कोराच राहिला. नवख्या माणसाला हा मधला भाग भरून आल्यासारखा वाटेल, प्रत्यक्षात परिस्थिती उलट असते. सर्वात आतला पातळ पडदा रंग घेत नाही. म्हणजे तिथला सगळा जाड थर झिजून गेला होता आणि डोळा फुटण्यापासून फक्त तो एक पडदा अडवत होता. डोळा आदल्या दिवशी अधिक उघडा का दिसला, याचे एक कारणही यातच असावे: वेदनेच्या मज्जातंतूंची दाटी कॉर्नियाच्या वरच्या थरात असते, त्यामुळे खोल गेलेला व्रण कित्येकदा उथळ ओरखड्यापेक्षा कमी दुखतो. म्हणूनच मिचकावणे कमी झाले एवढ्यावरून घरी बसून बरे झाल्याचा निर्वाळा देता येत नाही.

बोक्याच्याच रक्तातून सीरम वेगळे काढून त्याचे थेंब करण्यात आले, कारण सीरममधील काही घटक त्या विकरांना रोखतात. त्यासोबत प्रतिजैविकाचे थेंब सुरुवातीला रात्रंदिवस तासातासाने घालावे लागले, आणि डोळ्यातील स्नायूंची वेदनादायक उबळ थांबवण्यासाठी ॲट्रोपीन दिले. पुढे भूल देऊन डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील अस्तराची एक पट्टी त्या खड्ड्यावर शिवण्यात आली, जेणेकरून रक्तपुरवठा थेट जखमेपर्यंत पोहोचेल. डोळा वाचला. पण मधोमध फूल पडले ते कायमचे, आणि त्या डोळ्याने आता त्याला धूसरच दिसते. पहिल्या दिवशी तो ओरखडा उथळ असताना साध्या प्रतिजैविकाच्या थेंबांवर बहुधा आठवडाभरात भरून आला असता.

तुमच्या मांजराच्या बाबतीत मारामारी किंवा इजा झालेली नसेल, तर माझा पहिला संशय मांजरांच्या हर्पिस विषाणूवर जाईल. तो बहुतेक मांजरांना लहानपणीच गाठतो, आयुष्यभर मज्जातंतूत दडून राहतो, आणि घर बदलणे, नवे मांजर येणे किंवा स्टिरॉइडची औषधे अशा निमित्ताने पुन्हा उसळतो. डोळे येणे आणि फांद्या फुटल्यासारख्या आकाराचे व्रण, दोन्ही एकाच वेळी करण्याची त्याची खोड आहे. त्यामुळे "नुसते डोळे आले आहेत" असे बाहेरून म्हणणे मांजरांच्या बाबतीत जोखमीचे ठरते. हा विषाणू माणसांना लागत नाही आणि तुमच्याकडूनही तो तिला लागलेला नाही. त्यावर पशुवैद्य फॅमसिक्लोव्हिर देऊ शकतात, परंतु नावात साधर्म्य असलेले, माणसांना नागिणीसाठी दिले जाणारे व्हॅलासिक्लोव्हिर मांजराच्या जिवावर बेतू शकते. वेदनेसाठी पॅरासिटामोलची गोळी देण्याचा मोहही टाळा. तीही मांजराला जीवघेणी ठरते.

दिवाळीच्या आसपासच्या दिवसांत आणखी एक कारण मी आधी शोधतो, ते म्हणजे वाळलेल्या गवताचे कुसळ. ते तिसऱ्या पापणीमागे अडकते आणि प्रत्येक उघडझापीला कॉर्निया ओरबाडत राहते. बधिर करणारा थेंब टाकून पापणी उचलल्यावरच ते सापडते, आणि काढेपर्यंत कोणत्याही औषधाने व्रण भरत नाही. (तो बधिर करणारा थेंब घरी मागू नका, वारंवार वापरल्यास तोच कॉर्नियाला मारक असतो.) मांजर पर्शियन असेल तर आणखी सावध राहा. चपट्या तोंडाच्या मांजरांच्या कॉर्नियाची संवेदना कमी असते, त्यामुळे बराच मोठा व्रण असूनही ती डोळा फारसा मिचकावत नाहीत, आणि जुन्या व्रणावर तपकिरी-काळी खपली धरण्याचा त्रासही त्यांच्यात अधिक दिसतो.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत एवढेच करा: उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये बुडवलेल्या कापसाने पापण्यांबाहेरची चिपडे हलकेच पुसा आणि दुसऱ्या डोळ्यासाठी वेगळा कापूस घ्या. डोळा चोळू नये म्हणून गळ्यात कोन असेल तर तो घाला. डोळ्यात काही रुतलेले दिसले तरी ओढू नका. दूध, मध, गुलाबपाणी, तुरटी यांतले काहीही घालू नका. चुना किंवा फिनाईल उडाले असेल, तरच जागच्या जागी पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार डोळ्यावर सोडावी आणि मग निघावे. डोळा निळसर किंवा पांढरा झाला, पृष्ठभाग मऊ किंवा फुगलेला वाटला, किंवा अचानक पातळ पाणी वाहून डोळा लहान दिसू लागला, तर रात्र असली तरी निघा.

आज रविवार असल्यामुळे जवळचा दवाखाना बंद असेल, तर डॉक्टरांना फोनवर "डोळा आला आहे" असे न सांगता "एक डोळा कालपासून मिटून धरला आहे" असे सांगा, म्हणजे त्यांना निकड कळेल. आजवर कोणतेही ड्रॉप्स एकदाही घातले असतील तर ती बाटली सोबत घेऊन जा.