डीलरचा ९ टक्के फ्लॅट आणि बँकेचे साडेबारा: स्वस्त कोणतं?

प्रश्न: वाशीला एका डीलरकडे सेकंडहँड गाडी बघितली. ४ लाखांचं लोन ३ वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅटने करून देतो म्हणतोय, हप्ता १४,१११. माझी बँक १२.५ टक्के सांगते. मग डीलरचंच स्वस्त पडेल ना? फ्लॅटचा खरा दर कसा काढायचा?

उत्तर:

नाही, बँकेचं स्वस्त आहे. डीलरचे ९ टक्के फ्लॅट म्हणजे बँकेच्या भाषेत सुमारे १६.२४ टक्के. त्याच ४ लाखांवर ३ वर्षांसाठी १२.५ टक्क्यांचा हप्ता १३,३८१ च्या आसपास येतो. दर महिन्याला ७३० रुपयांचा फरक, ३६ महिन्यांत २६ हजारांच्या वर.

आधी डीलरने हप्ता कसा काढला ते बघा. ४ लाखांचे ९ टक्के ३६,०००, तीन वर्षांचे १,०८,०००. ते मुद्दलात मिळवून ५,०८,०००, भागिले ३६, म्हणजे १४,१११. हिशोबात चूक कुठेच नाही. गोम इतकीच की तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज मात्र तिन्ही वर्षं पूर्ण ४ लाखांवर लावलेलं आहे. त्याच्या मांडणीत प्रत्येक हप्त्यात ११,१११ मुद्दल आणि ३,००० व्याज. म्हणजे शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे फक्त ११,१११ रुपये बाकी असतात आणि तेवढ्यावर एका महिन्याचं व्याज ३,००० रुपये! बँक दर महिन्याला उरलेल्या बाकीवरच व्याज लावते. म्हणून हे दोन दर शेजारी ठेवून तुलना करताच येत नाही, आधी एकाच मापात आणावे लागतात.

खरा दर काढायला कर्जाची रक्कम, हप्ता आणि हप्त्यांची संख्या एवढं पुरतं. डीलरचा टक्का यात लागतच नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो तोंडाने कितीही टक्के म्हणू दे, तुम्ही हप्ता आणि महिने विचारा. गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये एका रिकाम्या चौकटीत हे टाका:

```
=RATE(36,-14111,400000)*12
```

हप्त्यापुढचं उणे चिन्ह विसरू नका. पैसे एकदा तुमच्याकडे येतात, नंतर तुमच्याकडून जातात, म्हणून दोन्ही आकड्यांची चिन्हं विरुद्ध हवीत. दोन्ही अधिक ठेवली तर उत्तराऐवजी `#NUM!` दिसतं. उत्तर ०.१६२४ असं येईल किंवा चौकट टक्क्यांत असेल तर नुसतं १६% दिसेल, तेव्हा दशांश स्थळं वाढवून बघा. शेवटचं १२ ने गुणणं राहिलं तर महिन्याचा दर येतो, १.३५ टक्के, आणि तो बघून माणूस उगाच खूश होतो.

शीट जमत नसेल तर फोनवर कोणताही ईएमआय कॅल्क्युलेटर उघडा. ४ लाख आणि ३६ महिने कायम ठेवून फक्त दर बदलत जा. १६ टक्क्यांना हप्ता १४,०६३ येतो, साडेसोळाला १४,१६२. तुमचा १४,१११ बरोबर मध्ये पडतो. डीलरच्या टेबलासमोर बसल्या बसल्या दोन मिनिटांत होतं.

फ्लॅटला सरळ दुप्पट करायचं, असंही लोक सांगतात. अंदाजाला ठीक, पण ते जास्त दाखवतं. ९ टक्क्यांच्या आसपास आणि तीन वर्षांना १.८ ने गुणलं तर बरंच जवळ जातं. मुदत वाढली की हा गुणक थोडा उतरतो: हेच ९ टक्के फ्लॅट पाच वर्षांसाठी असतील तर खरा दर साधारण १५.७ येतो. म्हणून सही करण्याआधी अंदाजावर राहू नका, सूत्रच वापरा.

आता जिथे खरी फसगत होते तिकडे या. वरचे १६.२४ हे पूर्ण ४ लाख तुमच्या कामी आले असं धरून आहेत. समजा प्रोसेसिंग फी ५,०००, कागदपत्रांचे २,००० आणि कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा ५,००० असे १२,००० आधीच कापून घेतले. गाडीसाठी मिळाले ३,८८,०००, हप्ता मात्र तोच:

```
=RATE(36,-14111,388000)*12
```

हा दर येतो १८.४३ टक्के. इथे काय धरायचं आणि काय नाही, याला एक साधी कसोटी आहे: गाडी रोखीने घेतली असती तरी हा खर्च आला असता का? आरसी तुमच्या नावावर करायचा खर्च तसाही आलाच असता, तो धरू नका. कर्जाचा बोजा आरसीवर चढवायचा खर्च फक्त कर्जामुळे येतो, तो धरा. मात्र बँकेचीही फी असते. तिच्याकडूनही सगळे आकडे घेऊन तिलाही हेच सूत्र लावा, नाहीतर तुलना एकतर्फी होईल.

दुसरी गोष्ट, पहिला हप्ता आगाऊ मागतात का ते विचारा. पैसे मिळाले त्याच दिवशी १४,१११ परत दिले तर प्रत्यक्षात तुम्ही ३,८५,८८९ च वापरताय आणि हप्ते उरले ३५. बाकी कोणतीही फी नसतानाही दर सव्वासतराच्या किंचित वर जातो. सूत्रात शेवटी `0,1` जोडलं की हे धरलं जातं:

```
=RATE(36,-14111,400000,0,1)*12
```

कर्ज मध्येच फेडायचा विचार असेल तर आणखी एक आकडा लक्षात ठेवा. १८ हप्ते भरल्यावर 'निम्मे झाले, आता २ लाख राहिले' असं वाटतं. पण फायनान्स कंपनीचं परतफेडीचं वेळापत्रक याच १६.२४ टक्क्यांवर बांधलेलं असेल, तर बाकी २,२४,००० च्या जवळपास निघते. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातच ५,४१५ व्याज आणि ८,६९६ मुद्दल असतं. डीलरने सांगितलेले ३,००० नव्हे. वर मुदतपूर्व फेडीचा आकार असेल तर तो वेगळा. त्यामुळे दीड वर्षात कर्ज बंद करणाऱ्याला किती कर्ज उरलं हे काढायला फ्लॅटचं गणित अजिबात उपयोगी नाही.

हे सगळं कागदावर ताडून बघता येतं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने किंवा फायनान्स कंपनीने कराराआधी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' द्यायचं असतं. त्यात फी धरून काढलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर, आणि महिन्यावार परतफेडीचा तक्ता असतो. डीलर स्वतः कर्ज देत नसतो, मागे कोणीतरी फायनान्सवाला असतो. त्याचं हे पत्रक मागा आणि तुमच्या सूत्राच्या उत्तराशी जुळवा. पत्रकातला दर जास्त निघाला तर तुम्हाला न सांगितलेला एखादा आकार आत आहे, आणि तो कोणता ते त्याच पत्रकातल्या आकारांच्या यादीत दिसेल.

घासाघीस करायची असेल तर डीलरला त्याच्याच भाषेत आकडा सांगा. बँकेच्या १२.५ ला तीन वर्षांसाठी फ्लॅटमध्ये फक्त ६.८ टक्के होतात. तेवढ्यावर, म्हणजे १३,३८१ च्या हप्त्यावर, तो आला तरच बँकेच्या बरोबरीला येतो.